ठिपकीची शू-वही : चौथा मजला, बाग नाही

११ जानेवारी २०२५, शनिवार

ठिपकी दुपारी साडेतीनला घरी आली. देशी कुत्र्याचं पिल्लू, मादी, अंदाजे आठ आठवड्यांची, वजन २ किलो ३०० ग्रॅम. एका बांधकामाच्या साइटवर सापडलेल्या चार पिल्लांतली ही एक. तीन आठवडे एका ताईंनी आपल्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये त्यांना सांभाळलं. लसीचा पहिला डोस आजच झालाय. पुढचे दोन चार-चार आठवड्यांनी, म्हणजे ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च. त्यानंतर दोन आठवडे जाईपर्यंत हिला खाली सोसायटीच्या मातीत उतरवायचं नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि आमच्या पार्किंगमध्ये येऊन-जाऊन असणारी पाच-सहा कुत्री आहेत.

म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जे काय ते वर. चौथा मजला, दोन बेडरूम, हॉलला लागून एक बाल्कनी, स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी. माणसं पाच : मी, मंदार, ओवी, आबा आणि सासूबाई.

तयारी अशी : हॉलच्या बाल्कनीत दोन बाय तीन फुटांचा प्लास्टिकचा ट्रे, त्यात दुकानातून आणलेलं शू-पॅड. एक क्रेट, म्हणजे तिला झोपायला दाराचा पिंजरा. एक जुनी शंभर पानी वही, जिच्यात प्रत्येक शू आणि शी वेळेसकट लिहायची. वहीवर मंदार हसला. मी ऑफिसात दिवसभर बग ट्रॅक करते, इथे तेच करणार.

पहिली शू घरात शिरल्यावर चौथ्या मिनिटाला. दाराशी असलेल्या पायपुसण्यावर.

१२ जानेवारी, रविवार

रात्र वाईट गेली. क्रेट मी "मोठी झाल्यावरही चालेल" म्हणून मोठं घेतलं, तीच चूक. पुढच्या भागात झोपली आणि मागच्या कोपऱ्यात गोधडीच्या तुकड्यावर शू करून आली. पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही, पण झोपायची जागा आणि मोरी दोन्ही मावतील एवढं क्रेट असेल तर तो नियम लागूच होत नाही. सकाळी मागच्या बाजूला पुस्तकांनी भरलेला खोका ठेवून क्रेट निम्मं केलं. आता तिला उभं राहता येतं, वळता येतं, पाय पसरून झोपता येतं, बस.

रात्रीसाठी नियम ऐकला होता : जेवढे महिने वय, अधिक एक, तेवढे तास. दोन महिन्यांची म्हणजे तीन तास. तसे गजर लावलेत, ११, २ आणि ५. हे ढोबळ माप आहे, आणि तेही झोपलेल्या पिल्लाचं.

१३ जानेवारी, सोमवार

वहीचं एक पान जसंच्या तसं इथे उतरवते, कारण पुढचं सगळं या पानावरून सुचलं.

५.०५ गजर, उचलून ट्रेवर. शू, पॅडवर.
६.४० खाणं झाल्यावर दहा मिनिटांनी. शी, पॅडवर.
७.०५ हॉल. आबांनी जमिनीवर पसरलेल्या पेपरवर शू. आबा पेपर वाचत होते.
७.३० खेळता खेळता. दाराच्या पायपुसण्यावर शू.
७.४० ते ९.५० झोप. उठताच ट्रे, शू.
१०.२० ओवीच्या अंथरुणावर, गोधडीवर शू.
१२.१५ खाणं. १२.२५ शी, बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर.
१.०० ते ३.१० झोप. उठताच ट्रे, शू.
३.३५ पेपर (रद्दीचा गठ्ठा, सोफ्याशेजारी). शू.
४.०० पुन्हा तोच गठ्ठा. शू.

इथे दमले, संध्याकाळचं लिहायचं राहिलं.

दोन गोष्टी दिसल्या. पहिली वेळेची. झोपेत ती दोन तास दहा मिनिटं धरू शकते, पण जागी आणि खेळत असली की पंचवीस-तीस मिनिटांत शू होते. म्हणजे "दर दोन तासांनी न्या" हा सल्ला जाग्या पिल्लासाठी निरुपयोगी. झोपेतलं आणि जागेपणीचं घड्याळ एक नसतं. उठली की लगेच, खाल्लं की दहा मिनिटांत आणि खेळत असेल तर दर वीस मिनिटांनी न्यायला हवं.

दुसरी गोष्ट ओवीने पकडली. ती म्हणाली, "आई, फरशीवर एकदाही नाही केली."

खरंच. सहा चुका : तीन पेपरवर, दोन पायपुसण्यांवर, एक गोधडीवर. घरात सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी आणि तिच्यावर शून्य. म्हणजे ही कुठेही करत नाहीये. काहीतरी शोषून घेणारं पायाखाली आलं की तिथे करतेय, आणि तिच्या हिशेबाने ते बरोबरच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळाच्या वड्या थापता थापता सांभाळणाऱ्या ताईंना फोन केला. "ताई, तुमच्याकडे ही कशावर करायची?" उत्तर : बाथरूममध्ये रद्दीचे पेपर अंथरलेले असायचे, झोपायला जुन्या चादरी.

उलगडा झाला. पिल्लं तिसऱ्या आठवड्यानंतर आपणहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला लागतात, आणि साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात त्यांची आवड पक्की होत जाते. आवड जागेपेक्षा पायाखालच्या पृष्ठभागाची. गवतावर वाढलेलं गवत शोधतं, सिमेंटवर वाढलेलं सिमेंट, आणि आमची ठिपकी रद्दी.

आणि मी तिला काय दिलं? पॅड. म्हणजे वरून मऊ कापडासारखं, आतून कापूस. तिच्या पायांना पॅड, पायपुसणं आणि गोधडी यांत फरक तो काय कळणार. रोज मी स्वतः शिकवतेय की मऊ कापड दिसलं की कर.

निर्णय : पॅड बंद. ट्रेमध्ये असं काहीतरी हवं जे घरात दुसरीकडे कुठेच नाही, आणि जे मार्चमध्ये खालीही असेल. खरं गवत.

१५ जानेवारी, बुधवार

नर्सरीतून लॉनचे तीन तुकडे आणले, दीडशे रुपयांत. डॉक्टरांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या की धोका अगदीच नाही असं नाही. नर्सरीत भटकी कुत्री फिरत असतील तर माती नकोच, कंपाउंड असलेली बघा, आणि रोज गोचीड तपासा. म्हणून दुसऱ्या नर्सरीत गेले. तिथे लॉन वरच्या मांडणीवर ठेवलेलं असतं.

ट्रेच्या तळाशी भाजी धुवायच्या दोन जाळीच्या परड्या उपड्या घातल्या, त्यावर लॉन. शू आणि पाणी खाली साचतं, मुळं त्यात बुडत नाहीत.

घरातलं सगळं मऊ उचललं. पाचही पायपुसणी कपाटात, सतरंजी गुंडाळून, रद्दी माळ्यावर. आबांना सांगितलं, "आबा, पेपर आता टेबलावरच वाचायचा." आबा म्हणाले, "पंचाहत्तर वर्षांत पेपर वाचायची जागा कुणी ठरवून दिली नव्हती." पण टेबलाशी बसले.

ठिपकीला गवतावर ठेवलं. तिने ते खाल्लं. मग मुळासकट एक कोपरा उपसला. शू मात्र आत येऊन रिकाम्या हॉलमध्ये दोन मिनिटं हुंगत फिरली आणि सोफ्याच्या लोंबणाऱ्या कव्हरच्या टोकावर केली.

१६ जानेवारी, गुरुवार

गवत तिच्यासाठी मोरी नाहीच, ते खाद्य आहे. मग तिच्याच भाषेत सांगायचं ठरवलं. पेपरच्या एका पानाने सकाळची शू टिपली आणि ते ओलं पान लॉनवर पसरलं. त्यावर कोरडं पान. कडा लॉनखाली खोचल्या, नाहीतर पळवते.

९.४० ला झोपून उठली, ट्रेवर ठेवली, हुंगली, गोल फिरली, बसली. शू.

मी आनंदाने "शाब्बास ठिपकी!" ओरडले आणि तिने अर्ध्यात थांबवली. धावत माझ्याकडे आली, खाऊ घेतला आणि उरलेली आत येऊन केली. चूक माझी. आता ती करत असताना हळूच, एका सुरात "सूऽ सूऽ" एवढंच. पूर्ण झाली, उठून उभी राहिली, की त्याच क्षणी, तिथेच ट्रेवर, खाऊ. आत आल्यावर दिलेला खाऊ हा तिच्या लेखी आत येण्याचा खाऊ असतो.

खाऊ म्हणजे तिच्याच खाण्यातले चार दाणे. बाल्कनीच्या कठड्यावर डबी ठेवलीय.

१८ जानेवारी, शनिवार

पेपर : पहिल्या दिवशी पूर्ण पान, काल अर्धं, आज पाव. आज दिवसभरात अकरा शू, त्यांतल्या नऊ ट्रेवर.

उरलेल्या दोनपैकी एकीची गोष्ट. मंदार बूट घालत होता आणि तिने त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेवर केली. तो जोरात ओरडला. मारलं वगैरे नाही, फक्त ओरडला. संध्याकाळी त्याने तिला ट्रेवर नेलं, दहा मिनिटं उभा राहिला, तिने त्याच्याकडे बघत काहीच केलं नाही. तो आत आला आणि ती डायनिंग टेबलाखाली गेली.

तिला "बॅगेवर नाही" हे कळलेलं नाही. "या माणसासमोर नाही" एवढंच कळलंय. नाक घासणं, ओरडणं, पेपरची सुरळी यांनी हेच होतं. पिल्लू लपून करायला शिकतं, आणि लपून करणाऱ्याला खाऊ कधी देणार? उद्यापासून पहाटे पाचची पाळी मंदारची, खाऊच्या डबीसकट.

१९ जानेवारी, रविवार

फिनेलची बाटली सासूबाईंच्या हातून काढून घेतली. त्यांना वाटलं मी स्वच्छतेच्या विरोधात आहे. समजावलं की फिनेलने वास आपल्यासाठी दबतो, तिच्यासाठी नाही. शिवाय पिल्लू पंजे चाटतं आणि काळं फिनेल पोटात गेलं तर विषारी. अमोनियाचे क्लीनर तर आणखी वाईट, मुतातही अमोनिया असतोच, म्हणजे आपणच पाटी लावल्यासारखं. आता आधी जुन्या फडक्याने टिपायचं, घासायचं नाही, मग एन्झाइमवालं क्लीनर भरपूर ओतून पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं. एन्झाइम ओलेपणात काम करतात. शिंपडून लगेच पुसलं तर पैसे वाया.

रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्चने घर पाहिलं. वाळलेली शू फिकट पिवळट-हिरवी चमकते. सोफ्यामागे दोन जागा सापडल्या ज्या कुणालाच माहीत नव्हत्या. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली तर एवढा मोठा लखलखीत ठिपका की मी ठिपकीवर संतापलेच. जवळ जाऊन पाहिलं तर हळद. हळदही चमकते, हे लक्षात ठेवायचं.

२० जानेवारी, सोमवार

पेपर तळहाताएवढा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अगं, झाडांना खत घातलंस का? माझ्या धुतलेल्या चादरीवर पाणी पडतंय, आणि वास येतोय." मी ट्रे रोज दोनदा बादलीभर पाण्याने धुते, आणि हॉलच्या बाल्कनीचं पाणी नळीतून बाहेर, थेट त्यांच्या दोरीवर. कानकोंडी झाले. चादरी धुऊन दिल्या, वर डबाभर तिळाच्या वड्या.

ट्रे ड्राय बाल्कनीत हलवावा लागणार. तिथे वॉशिंग मशिनचं पाणी जातं ती जाळी आहे, ती खालच्या ड्रेनेज पाइपला जोडलेली. खरं तर पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं की बाल्कनीचं पाणी जातं कुठे. बाग नसलेल्या घरात पहिला प्रश्न हा, ट्रे कोणता हा नंतरचा.

भीती अशी की आठवड्याची मेहनत पाण्यात जाणार. सगळं हॉलच्या बाल्कनीत शिकवलेलं.

२१ जानेवारी, मंगळवार

नाही गेली! सकाळी उचलून ड्राय बाल्कनीत लॉनवर ठेवली, हुंगली, केली. दुपारी साडेतीनला तिसऱ्यांदा स्वतः स्वयंपाकघरातून वाट काढत पोचली. जागा पूर्ण वेगळी, घराच्या दुसऱ्या टोकाला. पृष्ठभाग तोच. पेपरचा तुकडा आज ठेवलाच नव्हता आणि तो नसल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

लॉनवर बसलेली असतानाच शेजारचं मशिन स्पिनला लागलं. कपडे एका बाजूला गोळा झाले होते, मशिन धडधडत दोन इंच सरकलं. ठिपकी अर्धी शू टाकून थेट पलंगाखाली. त्यानंतर दिवसभर ड्राय बाल्कनीचा उंबरा ओलांडेना. या वयात, आठ-दहा आठवड्यांच्या सुमारास, एकदा बसलेली धास्ती लवकर निघत नाही.

पुढचं २६ तारखेनंतर लिहिलंय. ट्रे परत हलवला नाही. उंबऱ्याच्या आत खाण्याची वाटी ठेवली, पुढच्या वेळी उंबऱ्यावर, मग मशिनसमोर. दोन दिवस मशिन फक्त ती बेडरूममध्ये झोपलेली असताना. तिसऱ्या दिवशी नुसतं पाणी भरायच्या आवाजाला दाणे, स्पिनला अजून नाही. २६ तारखेला पुन्हा स्वतःहून गेली. या तीन दिवसांत चुका अकरा. त्या मी तिच्या खात्यात धरत नाही, मशिनच्या खात्यात.

२४ जानेवारी, शुक्रवार

हळदीकुंकू होतं, आधीच ठरलेलं. बावीस बायका, आणि प्रत्येक जण वाकून "अगोबाई, किती गोड!" म्हणत डोक्यावर हात आणणार. ठिपकी कान मागे टाकून, शेपूट खाली हलवत, प्रत्येकीसमोर थोडी थोडी शू. साड्यांच्या निऱ्या वाचल्या, वाणाची एक पिशवी गेली.

हा प्रकार वेगळा आहे. ही हुंगत नाही, गोल फिरत नाही, नीट बसतही नाही. मोठ्या माणसाने अंगावर वाकलं की दबून आणि आनंदाने निसटते, तिच्या हातात नसतं. इथे ट्रे शिकवून उपयोग नाही आणि रागावलं तर वाढतं. उपाय पाहुण्यांवर करायचा : आल्या आल्या तिच्याकडे बघू नका, बसा, ती येऊन हुंगेल, मग हनुवटीखाली खाजवा, डोक्यावरून नको. सासूबाईंनी हे दारातच प्रत्येकीला ऐकवायला सुरुवात केली. कुंकू लावायच्या आधी. बहुतेक पिल्लांचं हे वयाबरोबर जातं.

२७ जानेवारी, सोमवार

पहिलं लॉन बाद. बारा दिवस चाललं. मधला भाग पिवळा पडून करपला. मुतातल्या नत्राने तसं होतंच, जास्त खत पडल्यासारखं. पाणी मारत राहिलं तर दोन-चार दिवस वाढतात, पण वास सुटतो. नवीन आणताना जुन्यातला वीतभर तुकडा कापून नव्याच्या कडेला ठेवला. पाटी बदलली, अक्षर तेच.

ओवीने प्लास्टिकचं गवत घेऊ म्हणून सुचवलं. स्वस्त पडेल, पण ते रोज उचलून दोन्ही बाजूंनी धुवावं लागतं, नाहीतर तळाचा थर कुजतो. पावसाळ्यात, लॉन मिळेनासं झालं की बघू.

३० जानेवारी, गुरुवार

शी पातळ, आणि पहाटे सव्वातीनला, गजराच्या मधेच. दोन दिवस हेच चाललंय. तिची खाण्याची वेळ पक्की : ७, १२, ४, ८, वीस मिनिटांत वाटी उचलते, त्यामुळे शी पण पक्की असायची. वहीत कारण सापडेना, कारण ते वहीत नव्हतंच. रात्री साडेनऊला सासूबाई तिला वाटीभर दूध-पोळी देत होत्या. "एवढंसं पिल्लू, उपाशी झोपतं का कुणी?"

दोन दिवसांनी लिहिते : दूध बंद झालं, शी घट्ट. सासूबाईंना रात्रीचं काम दिलंय : अकराला शेवटची शू. हातात दाण्यांची डबी असल्यावर त्यांची तक्रार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सहा दिवस हॉलमध्ये एकही चूक नव्हती, म्हणून मनात शेखी मिरवत होते. आज सकाळी ८ ते १० मध्ये नऊ वेळा शू. त्यांतल्या पाच फरशीवर. फरशीवर! जी फरशी ती पहिल्या दिवसापासून टाळत आलीय. दर वेळी चमचाभर, बसून राहते, मग मागे वळून चाटते.

शिकलेलं विसरली की आजारी आहे, हे ओळखायला वही उपयोगी पडली. विसरणारं पिल्लू जुन्या आवडीच्या गोष्टींवर करतं, पायपुसणं वगैरे. हिने पृष्ठभागच सोडला, म्हणजे तिला तिथवर पोचताच येत नव्हतं.

डॉक्टरांनी नमुना आणायला सांगितला, औषध सुरू करण्याआधीचा. दीड वितीच्या पिल्लाखाली बाटली कशी धरणार? आमटीचा जुना डाव उकळून घेतला, ती बसली की मागून हळूच सरकवला. पहिले दोन थेंब सोडून पुढचे. तिसऱ्या प्रयत्नात डावात दोन चमचे आले, ते निर्जंतुक डबीत ओतून अर्ध्या तासात दवाखान्यात. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. माद्यांमध्ये जास्त होतो. औषध सुरू.

डाव पुन्हा आमटीत जाणार नाही, असं आबांनी लेखी मागितलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

शू पुन्हा ताशी एकवर. औषधाचा कोर्स पुरा होईपर्यंत थांबवायचा नाही. आज दुसरा डोस, सोबत रेबीजची लस. वजन ४ किलो १००.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रात्रीचा हिशेब. गजर मी बंद केले नाहीत, सरकवत नेले. २ वाजताचा दर तीन कोरड्या रात्रींनी पंधरा मिनिटं पुढे, तोवर ५ चा जागेवर. ३.३० ला आला तेव्हा एका रात्री ती गजरालाही उठेना, मग तो काढून टाकला. आता ११ ते ५.३० सलग. रात्री नेताना दिवा लावत नाही, बोलत नाही, मोबाइल बघत नाही. एकदा ओवी उठून खेळली तिच्याशी, तर पुढच्या तीन रात्री अडीचला मैफलीसाठी भुंकायची.

पाणी तोडलेलं नाही. झोपायच्या तासभर आधी फक्त वाटी उचलते.

१ मार्च, शनिवार

पायपुसणी एकेक करून परत आणतेय. आठवड्याला एक, आधी ती माझ्या नजरेसमोर असते त्या खोलीत. पहिलं टिकलं, दुसरं टिकलं. तिसरं काथ्याचं, त्यावर तिने केली. काथ्या पायाला गवतासारखा लागत असावा. ते काकूंना दिलं.

८ मार्च, शनिवार

शेवटचा डोस. वजन ६ किलो ९००. दोन आठवड्यांनी खाली.

२२ मार्च, शनिवार

सकाळी ६.४० ला पट्टा घालून लिफ्टने खाली. मला वाटलं होतं, माती दिसली की सुटलीच. पंचेचाळीस मिनिटं फिरलो. पेव्हर ब्लॉक, सिमेंटची कड, वाळका पाला, कुंडीतली माती. सगळं हुंगलं, बावीस दुचाक्यांची चाकं हुंगली. शून्य. वर आलो, दार उघडलं, माझ्या पायांमधून धावत ड्राय बाल्कनीत गेली आणि लॉनवर एक मिनिटभर चाललेली शू केली.

आमच्या सोसायटीत गवत कुठेच नाही. हे मी गेली नऊ वर्षं इथे राहून आज पाहिलं.

२३ मार्च, रविवार

तीच युक्ती उलटी. लॉनचा एक वापरलेला तुकडा पिशवीत घालून खाली नेला, मागच्या भिंतीलगतच्या मातीच्या पट्ट्यात, कडुनिंबाखाली ठेवला. खाली जाण्याआधी ट्रेवर नेलंच नाही, उठवून थेट खाली. वॉचमनकाकांनी विचारलं, "ताई, झाड लावताय?"

तुकड्यावर केली. तिथेच दाणे. सोबत पेपरचा चौकोन आणि पिशवी होतीच, शी उचलून वर आणली.

२७ मार्च, गुरुवार

लॉनचा तुकडा रोज लहान करत आणला. काल तळहाताएवढा होता. आज विसरून वरच राहिला.

६.५२. कडुनिंबाखाली. हुंगली, दोन फेऱ्या, बसली. शू, मातीवर.

वर आलो तेव्हा आबा जमिनीवर पेपर पसरून बसले होते. ठिपकी त्यावरून चालत गेली, क्रीडा पानावर थांबली, हुंगलं. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती पुढे जाऊन त्यांच्या मांडीला टेकून आडवी झाली.